खोक्यावरचे १२० आणि पडद्यावरचे १२०

टीव्हीच्या दुकानात हल्ली १२० हा आकडा जागोजागी दिसतो. एका खोक्यावर '१२० हर्ट्झ' असतं, दुसऱ्यावर 'मोशन रेट १२०', तिसऱ्यावर 'गेमिंग १२०'. शेजारी एक चकचकीत पट्टी 'एचडीएमआय २.१' सांगत असते आणि मॉनिटरच्या रांगेत 'एक मिलिसेकंद' ठळक अक्षरांत छापलेलं असतं. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घरी आणलेल्या किंवा आणणार असलेल्या माणसाला वाटतं, हे सगळे शब्द जमले की काम झालं. प्रत्यक्षात यातले काही आकडे पडद्याबद्दल काहीच सांगत नाहीत आणि ज्याने खेळात खरा फरक पडतो, तो आकडा बहुतेक खोक्यांवर छापलेलाच नसतो.

म्हणून आकडे बाजूला ठेवून सिग्नलच्या वाटेने जाऊ. कन्सोल चित्र तयार करतो, ते केबलमधून पोर्टात येतं, टीव्हीतली चिप त्यावर काम करते आणि मग पॅनल ते दाखवतं. या वाटेवर प्रश्न तीनच आहेत. पॅनल सेकंदाला किती चित्रं दाखवतं? पोर्टात आलेलं चित्र पडद्यावर यायला किती वेळ लागतो? आणि पोर्टातून तेवढी चित्रं मुळात आत येऊ शकतात का? पहिल्याचं नाव रिफ्रेश रेट, दुसऱ्याचं इनपुट लॅग, आणि तिसरा प्रश्न एचडीएमआयच्या आवृत्तीचा.

पॅनल किती चित्रं दाखवतं

६० हर्ट्झचं पॅनल सेकंदाला साठ वेळा चित्र नव्याने काढतं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. १२० हर्ट्झच्या पॅनलवर हाच वेळ निम्मा, ८.३ मिलिसेकंद होतो. मात्र पॅनल १२० वेळा चित्र काढू शकतं म्हणून कन्सोल तेवढी चित्रं देईलच असं नाही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स जास्तीत जास्त १२० देऊ शकतात, पण बहुतेक मोठे खेळ ६० किंवा ३० फ्रेम्सवर चालतात. '३० की ६०' ही निवड खेळाच्याच सेटिंगमध्ये असते: एका मोडमध्ये चित्र अधिक बारकाव्यांचं, दुसऱ्यात हालचाल अधिक सफाईदार. खरे १२० फ्रेम्स देणारे खेळ मोजके आहेत, आणि तिथेही तो वेग मिळवण्यासाठी चित्राची स्पष्टता बऱ्याचदा कमी करावी लागते.

मग १२० हर्ट्झचं पॅनल घ्यायचं कशासाठी? याचं एक चांगलं कारण जाहिरातीत सापडत नाही. २०२१ मध्ये इन्सोम्नियाक या स्टुडिओने 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट' या प्लेस्टेशन ५ च्या खेळात ४० फ्रेम्सचा एक मोड आणला. ३० फ्रेम्सवर एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० वर १६.७. या दोहोंचा बरोबर मध्य २५ मिलिसेकंद, आणि २५ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम्स. ऐकायला ३० आणि ४० यांत फारसं अंतर वाटत नाही, पण वेळेच्या हिशोबात ४० म्हणजे ६० च्या दिशेने निम्मी वाट. चित्राचे बारकावे जवळपास ३० च्या मोडइतके राहतात आणि हालचालीतला जडपणा स्पष्ट कमी होतो. त्यानंतर इतरही काही खेळांनी असा मोड दिला.

हा मोड ६० हर्ट्झच्या टीव्हीवर नीट चालत नाही, कारण ६० ला ४० ने भाग जात नाही. एक चित्र एकदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागेल, आणि कॅमेरा फिरवताना प्रत्येक वेळी बारीक हिसका बसेल. १२० ला मात्र ४० ने तीनदा पूर्ण भाग जातो. प्रत्येक चित्र तीन वेळा दाखवलं जातं आणि लय बिघडत नाही. कथाप्रधान खेळ आवडणाऱ्याला १२० हर्ट्झच्या पॅनलचा खरा उपयोग बऱ्याचदा १२० फ्रेम्ससाठी होत नाही, या ४० फ्रेम्ससाठी होतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. 'मोशन रेट' किंवा तशाच नावाने छापलेला आकडा पॅनलचा वेग सांगेलच असं नाही. ६० हर्ट्झच्या पॅनलला हालचाल गुळगुळीत दाखवण्याच्या प्रक्रियेची जोड दिली की कंपन्या आपापल्या पद्धतीने मोठा आकडा काढतात. विचारायचा शब्द 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' किंवा 'पॅनल रिफ्रेश रेट'. तपशिलात '५०/६० हर्ट्झ' असं दिसलं, तर वरती काहीही छापलेलं असो, ते पॅनल साठाचं आहे.

दुसरा प्रकार डीएलजी नावाचा. यात ६० हर्ट्झचं फोर-के पॅनल पडद्यावरच्या दोन-दोन ओळी एकदम रंगवतं. त्यामुळे चित्र काढायचा वेळ निम्मा होतो आणि १२० हर्ट्झ साधतात, पण उभ्या दिशेतली स्पष्टताही निम्मी होते. वेगवान नेमबाजीच्या खेळात हा सौदा चालून जाईल, कारण तिथे डोळा हालचालीवर असतो. पण त्याला 'फोर-के १२०' समजून पैसे मोजू नयेत. दुकानदाराला थेट विचारावं, हे १२० पूर्ण फोर-केमध्ये आहेत का?

बटण दाबल्यापासून पडद्यापर्यंत

टीव्ही हा मुळात सिनेमा, मालिका आणि क्रिकेटसाठी बनवलेला असतो. आलेलं चित्र तो तसंच दाखवत नाही. खरखर काढतो, कडा तीक्ष्ण करतो, रंग उजळतो, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधलं एक चित्र स्वतः रचून घालतो. या शेवटच्या कामासाठी त्याला पुढचं चित्र हातात येईपर्यंत आधीचं रोखून धरावंच लागतं. मालिका बघताना चित्र शंभर मिलिसेकंद उशिरा आलं तरी कोणाला कळत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो. खेळताना मात्र अंगठा आणि चित्र यांच्यात तेवढं अंतर पडतं.

या उशिरालाच इनपुट लॅग म्हणतात: सिग्नल पोर्टात पोचल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ. नेहमीच्या मोडमध्ये अनेक टीव्हींवर तो ६० ते १०० मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त असतो. त्याच टीव्हीवर गेम मोड लावला की बहुतेक प्रक्रिया बंद होतात आणि आकडा साधारण १० ते २० वर येतो. १२० हर्ट्झवर चांगले टीव्ही पाच-सहापर्यंत उतरतात. बहुतेक मॉनिटर मुळातच फारशी प्रक्रिया करत नाहीत, त्यामुळे त्यांचा लॅग कोणतंही बटण न दाबताच कमी असतो.

हा आकडा शून्य का होऊ शकत नाही, तेही समजून घ्यावं. पॅनल चित्र वरून खाली, ओळीओळीने काढतं. ६० हर्ट्झवर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पडद्याच्या मध्यापर्यंत पोचायलाच सुमारे आठ मिलिसेकंद जातात. लॅग मोजणारे पडद्याच्या मध्यावर प्रकाश ओळखणारं छोटं यंत्र धरतात. त्यामुळे त्यांच्या मोजणीत ६० हर्ट्झवर ९ किंवा १० आले, तर त्या टीव्हीने आपल्याकडून जवळजवळ काहीच उशीर केलेला नाही. १२० हर्ट्झवर हीच खालची मर्यादा सुमारे चारवर येते.

मॉनिटरच्या खोक्यावरचा 'एक मिलिसेकंद' हा मात्र इनपुट लॅग नाही. तो रिस्पॉन्स टाइम, म्हणजे एका पिक्सेलला एका राखाडी छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ. तो जास्त असेल तर हलणाऱ्या वस्तूमागे पुसट शेपूट दिसते. पण चित्र उशिरा आलं की वेळेवर, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय तो आकडा बहुधा सर्वांत अनुकूल स्थितीत मोजलेला असतो. लॅगसाठी खोक्यावर भरवसा न ठेवता, त्या नेमक्या मॉडेलची कोणी यंत्राने केलेली मोजणी मिळते का ते पाहावं.

दहा-वीस मिलिसेकंदांनी काय बिघडतं, असं वाटू शकतं. ६० फ्रेम्सवर चालणाऱ्या खेळात बटणाचा संकेत वाचणं, हिशोब करणं, चित्र रचणं यात कन्सोलचेच काही फ्रेम जातात. खेळागणिक फरक असतो, पण एकूण ५० ते १०० मिलिसेकंद हे सामान्य आहे. खेळ बनवणाऱ्याने तेवढा उशीर गृहीत धरलेला असतो. त्यावर टीव्हीने आणखी ८० घातले, तर ६० फ्रेम्सच्या खेळात जवळजवळ पाच फ्रेम वाया गेले. 'टेकेन ८' सारख्या मारामारीच्या खेळात चालींचा हिशोबच फ्रेममध्ये होतो. तिथे पाच फ्रेम म्हणजे समोरच्याचा हल्ला दिसेपर्यंत अडवायची वेळ निघून गेलेली. फुटबॉलमध्ये पास एका पावलाने चुकतो. खेळणाऱ्याला कारण दिसत नाही. त्याला फक्त कंट्रोलर जड वाटतो आणि तो स्वतःच्या हाताला दोष देतो.

पोर्टातून किती आत येतं

एचडीएमआय २.० ची आवृत्ती २०१३ ची. तिची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट. २.१ ची आवृत्ती २०१७ च्या अखेरीस आली आणि क्षमता ४८ वर गेली. हे आकडे कुठे लागतात, ते साध्या गुणाकाराने कळतं. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळजवळ ५० कोटी पिक्सेल, आणि प्रत्येकाला २४ बिट धरले तर सुमारे १२ गिगाबिट. सिग्नलच्या बांधणीत लागणारी जादाची जागा धरून हे १८ च्या मर्यादेत जेमतेम बसतं. फोर-केमध्ये १२० चित्रं हवी असतील तर नुसते पिक्सेलच २४ गिगाबिट भरतात. पूर्ण रंगांसह हे २.० मधून जाणं शक्यच नाही.

आता १४४०पी घ्या, म्हणजे २५६० गुणिले १४४० पिक्सेलचं चित्र. त्यात सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला १२० चित्रं धरली तरी ४४ कोटी होतात, म्हणजे फोर-केच्या ६० चित्रांपेक्षाही कमी. हे २.० मधून आरामात जातं. म्हणूनच १४४०पी मॉनिटर घेणाऱ्याने १२० फ्रेम्ससाठी २.१ चा हट्ट धरायचं कारण नाही. प्लेस्टेशन ५ ला १४४०पीची सोय सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून आहे. एक्सबॉक्समध्ये ती आधीपासून होती. २०२५ मध्ये आलेला निन्टेन्डो स्विच २ टीव्हीला जोडल्यावर फोर-केमध्ये ६० आणि १४४०पी किंवा १०८०पीमध्ये १२० देतो, म्हणजे त्याचंही काम २.० वर भागतं.

२.१ हे लेबल मात्र फसवं ठरू शकतं. त्या आवृत्तीत जी नवी वैशिष्ट्यं आली ती सगळी ऐच्छिक आहेत. २.० हे नाव नव्या उपकरणांसाठी बाजूला ठेवण्यात आलं, त्यामुळे १८ गिगाबिटांचा जुन्याच क्षमतेचा पोर्ट लावूनही कंपनी '२.१' म्हणू शकते. परवाना देणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. नियमाचा आग्रह एवढाच, की कोणती वैशिष्ट्यं आहेत ते कंपनीने सांगावं. तेव्हा ग्राहकाने आवृत्तीचा आकडा सोडून 'फोर-के १२० हर्ट्झ' आणि 'व्हीआरआर' हे शब्द तपशिलात शोधावेत.

याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे त्या मॉडेलची माहितीपुस्तिका. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती उतरवून घेता येते. तिच्या शेवटाकडे पोर्टात कोणकोणते सिग्नल चालतात त्याचा तक्ता असतो. त्यात ३८४० गुणिले २१६० च्या ओळीत वेगाची यादी ६० वर संपली, तर वादाला जागा उरत नाही. १०० आणि १२० असतील, तर ते कोणत्या क्रमांकाच्या पोर्टाला लागू आहेत हेही तिथेच लिहिलेलं असतं. अनेक टीव्हींवर चारांपैकी दोनच पोर्ट पूर्ण वेगाचे असतात, आणि त्या दोनांपैकी एक साउंडबार जोडायचाही असतो.

४८ गिगाबिटांच्या पोर्टासाठी मात्र अडून बसू नये. प्लेस्टेशन ५ स्वतः ३२ गिगाबिटांपर्यंतच जातो आणि सीरीज एक्स ४० पर्यंत. ४० चा पोर्ट दोघांनाही पुरतो.

मॉनिटर घेताना आणखी एक गोष्ट तपासावी. खोक्यावरचे १६५ किंवा १८० हर्ट्झ अनेकदा डिस्प्लेपोर्टमधून मिळणारे असतात, आणि कन्सोलला डिस्प्लेपोर्ट नसतो. एचडीएमआयमधून किती मिळतात ते वेगळं लिहिलेलं असतं. १२० मिळत असतील तर बास. कन्सोल त्यापुढे जातच नाही, म्हणून २४० हर्ट्झसाठी जास्तीचे पैसे फक्त कन्सोलवर खेळणाऱ्याने घालू नयेत.

चित्राची वाट पाहणारं पॅनल

२.१ सोबत आलेल्या गोष्टींत घरातल्या खेळाला सर्वाधिक उपयोगी पडते ती व्हीआरआर. साधारणपणे पॅनल ठरावीक ठेक्यात चालतं. खेळात गर्दी झाली आणि कन्सोल ६० वरून ५२ वर आला, की चित्र ठेक्यावर पोचत नाही. मग जुनंच चित्र पुन्हा दाखवलं जातं आणि हिसका जाणवतो, किंवा अर्धं जुनं अर्धं नवं दिसून पडदा मधून चिरल्यासारखा वाटतो. व्हीआरआरमध्ये पॅनल आपला ठेका सोडून कन्सोलचं चित्र तयार होण्याची वाट पाहतं.

याच्या मर्यादाही ठळक आहेत. प्लेस्टेशन ५ वर ही सोय एप्रिल २०२२ मध्ये आली आणि ती ४८ ते १२० हर्ट्झमध्येच चालते. 'एल्डन रिंग' हा खेळ तिथे अनेकदा त्या सीमेखाली जातो, त्यामुळे व्हीआरआर असूनही हिसके पूर्ण जात नाहीत. दुसरं म्हणजे, प्लेस्टेशन ५ फक्त एचडीएमआयचं स्वतःचं व्हीआरआर ओळखतो. ज्या मॉनिटरवर केवळ 'फ्रीसिंक' लिहिलेलं असतं, त्याच्यावर एक्सबॉक्सला ही सोय मिळते पण प्लेस्टेशनला मिळत नाही. मॉनिटर निवडताना दोन कन्सोलांमधला हा फरक सर्वांत आधी पाहावा.

एका घराचा हिशोब

आता हे सगळं एका घरावर लावून पाहू. समजा, पुण्यातला एक फ्लॅट आहे. हॉलमध्ये सोफा आणि भिंत यांत आठ फूट अंतर. प्लेस्टेशन ५ आहे, सेट-टॉप बॉक्स आहे, साउंडबार आहे. थोरल्या मुलाला फुटबॉल आणि नेमबाजीचे खेळ लागतात, धाकटी मुलगी कथेचे खेळ खेळते. संध्याकाळी आजीच्या मालिका असतात. समोर तीन पर्याय आहेत: ५५ इंची ६० हर्ट्झचा फोर-के टीव्ही, ५५ इंची १२० हर्ट्झचा पूर्ण क्षमतेच्या पोर्टांचा टीव्ही, आणि २७ इंची १४४०पी मॉनिटर.

मॉनिटर सर्वांत स्वस्त आणि लॅगमध्ये उत्तम. पण आठ फुटांवरून २७ इंचांवरची अक्षरं वाचताना डोळे ताणावे लागतात. तो टेबलावर दोन-अडीच फुटांवरच शोभतो, म्हणजे एका वेळी एकाच्याच कामाचा. अनेक मॉनिटरना स्पीकर नसतात किंवा असले तरी क्षीण असतात, मग आवाज कंट्रोलरला हेडफोन जोडून ऐकावा लागतो. या घरात हॉलमधला एकमेव पडदा म्हणून तो चालणार नाही. पण थोरला रोज ऑनलाइन सामने खेळत असेल आणि रात्री हॉलचा टीव्ही मोकळा नसेल, तर त्याच्या खोलीत टेबलावर हाच पर्याय सर्वांत शहाणपणाचा. घेताना एचडीएमआयमधून १२० आणि एचडीएमआय व्हीआरआर आहे का, एवढं पाहावं.

६० हर्ट्झच्या टीव्हीला कमी लेखू नये. त्याचा गेम मोडमधला लॅग दहा-पंधरा मिलिसेकंद असेल, तर फुटबॉलचा खेळ ६० फ्रेम्सवर त्यावर उत्तम चालतो, आणि बहुतेक खेळ तसेही ६० च्या आतच आहेत. गमवावं लागतं ते ४० फ्रेम्सचे मोड, १२० चे थोडे खेळ आणि बहुधा व्हीआरआर. बजेट आवळलेलं असेल तर हा पर्याय घ्यावा. 'मोशन' आकड्यांनी सजवलेल्या महागड्या ६० हर्ट्झच्या टीव्हीपेक्षा कमी लॅगचा साधा टीव्ही केव्हाही बरा.

दुसरा पर्याय या घराला सर्वांत जास्त देतो. मुलीला ४० फ्रेम्सचे मोड मिळतात, मुलाला नेमबाजीच्या खेळात १२०, आणि दोघांनाही व्हीआरआर. शिवाय १२० हर्ट्झच्या पॅनलवर चित्रपट अधिक सरळ दिसतो, कारण सिनेमाच्या २४ फ्रेम्सनी १२० ला पूर्ण भाग जातो. पुढची सहा-सात वर्षं हाच टीव्ही राहणार असेल, तर पडदा दोन-चार इंच लहान घेऊन या वर्गात यावं. मोठा पडदा आणि खरे १२० यांत निवड करायची वेळ आली, तर आठ फुटांवर ५० किंवा ५५ इंच पुरेसे आहेत.

आता पोर्टांची वाटणी. समजा, या टीव्हीचे तिसरा आणि चौथा पोर्ट पूर्ण वेगाचे आहेत आणि साउंडबार तिसऱ्यावरच लागतो. मग कन्सोल चौथ्यावर, साउंडबार तिसऱ्यावर, सेट-टॉप बॉक्स पहिल्यावर. कन्सोल साउंडबारमधून टीव्हीला जोडू नये. साउंडबारचा पोर्ट जुन्या क्षमतेचा असला की चित्र फोर-के ६० वर अडकतं. कन्सोल थेट टीव्हीला, आणि आवाज टीव्हीतून ईएआरसीने साउंडबारला, हीच बरोबर जोडणी. आणि दोन कन्सोल असतील तर पूर्ण वेगाचा पोर्ट एकालाच उरतो, हे खरेदीआधीच ध्यानात घ्यावं.

जोडल्यावर तपासायचं

टीव्ही घरी आला म्हणजे १२० आपोआप चालू होतात असं नाही. अनेक टीव्हींवर पोर्ट कारखान्यातून मंद वेगावर ठेवलेला येतो. सॅमसंगवर तो Input Signal Plus या नावाच्या सेटिंगने उघडतो, सोनीवर HDMI signal format मध्ये Enhanced format निवडावा लागतो, आणि एलजीवर HDMI Deep Colour शोधावं. हे सेटिंग पोर्टागणिक वेगळं असतं, म्हणून कन्सोल ज्या पोर्टात आहे त्याच पोर्टाचं बदलावं.

मग प्लेस्टेशनवर Settings मध्ये Screen and Video आणि तिथे Video Output उघडावं. सध्या कोणता सिग्नल जातो आहे आणि टीव्ही काय काय स्वीकारतो, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. टीव्हीच्या यादीत 3840 x 2160 समोर 120 Hz दिसत नसेल, तर दोष पोर्ट, सेटिंग किंवा वाटेतल्या साउंडबारमध्ये आहे. एक्सबॉक्सवर हेच काम TV & display options मधलं 4K TV details हे पान करतं. खेळातही वेगाचा मोड निवडावा लागतो. प्लेस्टेशनवर Game Presets मध्ये Performance Mode ठेवला, तर अनेक खेळ तो आपणहून धरतात.

चित्र मधेच क्षणभर काळं होत असेल किंवा पडद्यावर पांढरे ठिपके चमकत असतील, आणि ६० हर्ट्झवर आणताच सगळं ठीक होत असेल, तर संशय केबलवर घ्यावा. कन्सोलच्या खोक्यात आलेली केबल वापरून पाहावी. नवी घेताना 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणित लेबल बघावं. त्यावर स्कॅन करून पडताळता येणारा कोड असतो. भिंतीत पाइप टाकून आधीच केबल ओढलेल्या घरांत ही अडचण हमखास येते, कारण आतली केबल जुनी आणि लांब असते. साध्या तांब्याच्या केबलने पूर्ण वेग साधारण तीन मीटरपर्यंत निर्धास्त मिळतो. त्याहून लांब जायचं तर प्रकाशतंतूची केबल घ्यावी लागते. नवं फर्निचर करून घेत असाल तर केबल बदलता येईल एवढा रुंद पाइप टाकून घ्यावा.

शेवटी लॅग. तोही घरच्या घरी ताडून पाहता येतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन असेल, तर कंट्रोलरवरचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घ्यावेत, आणि खेळात उडीचं बटण दाबावं. मग चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत, बटण खाली गेल्यापासून पात्र हलेपर्यंतची चित्रं मोजावीत. प्रत्येक चित्र ४.२ मिलिसेकंदांचं. समजा, नेहमीच्या मोडमध्ये ४४ चित्रं आली आणि गेम मोडमध्ये २४, तर फरक २० चित्रांचा, म्हणजे सुमारे ८३ मिलिसेकंदांचा. यात कन्सोलचा आणि खेळाचा उशीरही मिसळलेला असतो, पण तो दोन्ही वेळा जवळपास सारखाच असल्याने उरलेला फरक टीव्हीचा. एका मापनात एखाद-दोन चित्रं इकडे-तिकडे होतात, म्हणून पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढावी.

ही मोजणी आधी घरातल्या सध्याच्या टीव्हीवर करून पाहावी. गेम मोड लावल्यावर फरक मोठा निघाला आणि कंट्रोलर हलका वाटू लागला, तर तुमची तक्रार लॅगचीच होती आणि ती एका सेटिंगने मिटली. तेवढ्याने समाधान झालं नाही, तुम्हाला ४० फ्रेम्सचे मोड किंवा व्हीआरआर खरोखरच हवं असेल, तर मॉडेलची माहितीपुस्तिका उघडून तो तक्ता वाचावा, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.